अटल सेतूचा टोल आणि न आलेल्या गाड्यांचा हिशेब

शिवडी ते न्हावाशेवा या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, खर्च १७,८४० कोटी रुपये. मोटारीला पूर्ण अंतराचा एकेरी टोल २५० रुपये ठरला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तोच दर आणखी वर्षभर ठेवायचे ठरवले. रोज ७० हजार वाहने जातील असा अंदाज सुरुवातीला सांगितला जात होता. पहिल्या वर्षाची सरासरी मात्र सुमारे २२ हजारांवर राहिली. तेव्हापासून उलवे-पनवेलपासून मंत्रालयापर्यंत एकच वाद चालू आहे : टोल जास्त आहे की बरोबर आहे?

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे आणि योगायोगाने त्याची सुरुवातही पुलावरच्या टोलपासून झाली. फ्रान्सच्या सरकारी बांधकाम खात्यातला अभियंता ज्यूल ड्युपुई याने १८४४ मध्ये सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजावी यावर एक निबंध लिहिला. टोलमुळे जे लोक पुलावर येतच नाहीत, त्यांचे नुकसान कोणाच्याच तिजोरीत जमा होत नाही, ते नुसतेच नाहीसे होते, हा त्याचा मुद्दा होता. त्याच्या सहा वर्षे आधी, १८३८ मध्ये, ऑग्युस्तँ कुर्नो याने मक्तेदार किती माल विकेल आणि काय भाव लावेल याचे गणित मांडले होते. कुर्नोने मक्तेदाराची किंमत काढली आणि ड्युपुईने त्या किमतीपायी समाजाचे काय बुडते ते मोजले. पुढची जवळजवळ दोन शतके या दोन पायऱ्यांवरच चर्चा झाली आहे. त्या दोन्ही पायऱ्या अटल सेतूवर चढून पाहू.

आधी एक शंका दूर केली पाहिजे. सेतूचा मालक मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, आहे. ती नफा कमावणारी कंपनी नव्हे, आणि टोल मंत्रिमंडळ ठरवते. पण शिवडी आणि उलव्याच्या मध्ये दुसरा पूल नाही आणि उद्या कोणी येऊन बांधूही शकत नाही. त्या अर्थाने ही मक्तेदारी आहे. वाशीच्या खाडीवरून जाणारा रस्ता हा पर्याय आहे, तोच मक्तेदाराची मर्यादा ठरवतो. उलव्याहून फोर्टला जाणाऱ्याचे सेतूमुळे पुष्कळ अंतर आणि वेळ वाचतो, नेरुळच्या माणसाचे त्याहून कमी, आणि वाशीच्या माणसाला सेतूकडे वळण्याचे काही कारणच नसते. प्रत्येक गाडीमागे सेतूने वाचवलेले इंधन आणि वेळ रुपयांत मांडले, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. टोल त्या आकड्यापेक्षा कमी असेल तर गाडी सेतूवर येते, जास्त असेल तर वाशीकडे वळते. सगळ्या गाड्यांचे हे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावले की तयार होते ती मागणी रेषा. पाठ्यपुस्तके ती सरळ काढतात, त्याचा अर्थ फारसा सांगत नाहीत. सरळ रेषेचा अर्थ इतकाच, की हे आकडे शून्यापासून वरच्या टोकापर्यंत समान विखुरलेले आहेत. टोल एक रुपयाने कमी केला की दर वेळी तितक्याच नव्या गाड्या येतात.

आता आकडे घेऊ. समजा मागणी अशी आहे : रोजची वाहने = ४२,००० − ८० × टोल. टोल शून्य असेल तर ४२ हजार गाड्या येतील, टोल ५२५ रुपये झाला तर एकही येणार नाही. टोल २५० असताना २२ हजार येतील, म्हणजे रेषा आजच्या परिस्थितीतून जाते. बाकी रेषा माझी मानलेली आहे, त्याकडे पुढे परत यायचेच आहे. एक जादा गाडी गेल्यामुळे होणारा खर्च, म्हणजे टोलवसुली, रस्त्याची झीज, गस्त असे सारे मिळून, २५ रुपये धरू. हा सीमांत खर्च. गणित सोपे राहावे म्हणून सर्व गाड्या मोटारी आहेत असेही मानू. खरे तर ट्रक आणि बस जास्त टोल भरतात.

नफ्याखातर चालणारा मालक या रेषेवर कुठे थांबेल? टोल २७६ रुपये असेल तर १९,९२० गाड्या येतात. त्याने टोल एक रुपयाने उतरवून २७५ केला तर ८० नव्या गाड्या मिळतात आणि प्रत्येकीवर खर्च वजा जाता २५० रुपये राहतात, म्हणजे २०,००० रुपये. पण आधीच्या १९,९२० गाड्यांकडून एकेक रुपया कमी मिळतो. हाती उरतात ८० रुपये, म्हणून तो टोल उतरवेल. आता २७५ वरून २७४ वर जाऊन बघू. ८० नव्या गाड्यांवर प्रत्येकी २४९ म्हणजे १९,९२० रुपये येतात आणि जुन्या २०,००० गाड्यांकडून २०,००० रुपये जातात. ८० रुपयांचा तोटा. म्हणून तो २७५ वर थांबेल. सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च समान होतात ती जागा हीच. नव्या ग्राहकाकडून मिळणारी रक्कम आणि सवलत जुन्या ग्राहकांनाही द्यावी लागल्याने जाणारी रक्कम या जागी सारख्या होतात.

सरळ रेषेचा एक सोपा गुण इथे दिसतो. मागणी जिथे संपते तो टोल ५२५ आणि सीमांत खर्च २५, त्यांच्या बरोबर मध्ये २७५. टोल खर्चाइतकाच म्हणजे २५ रुपये ठेवला असता तर ४०,००० गाड्या आल्या असत्या. मक्तेदाराकडे त्याच्या निम्म्या, २०,००० येतात. आकडे कोणतेही घ्या, रेषा सरळ आणि सीमांत खर्च स्थिर असला की दोन्ही वेळा निम्मेच निघते.

या हिशेबात १७,८४० कोटी कुठेच आले नाहीत, हे पाहून अनेकांना नवल वाटते. पूल महाग पडला म्हणून टोल जास्त, असे वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातूनही ऐकू येते. पण एकदा खर्चून झालेला पैसा कोणता टोल सर्वांत फायद्याचा हे ठरवत नाही. पूल १० हजार कोटींत झाला असता तरी मालकाचे उत्तर २७५ च आले असते. खर्च वसूल होतो की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तिथे उत्तर कडक आहे. २७५ रुपये टोल, २०,००० गाड्या, प्रत्येकीवर २५० रुपये, म्हणजे रोजचे ५० लाख. १७,८४० कोटींवर वर्षाला एक टक्का जरी धरला तरी रोजचे सुमारे ४९ लाख होतात. म्हणजे आपल्या रेषेवर, सर्वांत जास्त कमाई करून देणारा टोल लावूनही, भांडवलावर टक्काभरच सुटतो. टोलच्या जोरावर पूल फेडायचा विचार या रेषेवर मुळातच बसत नाही.

आता ड्युपुईची पायरी. २७५ रुपयांच्या टोलला समाज काय गमावतो? ४०,००० आणि २०,००० यांच्यामधल्या गाड्या घ्या. त्यांतल्या पहिल्या गाडीला सेतू जवळजवळ २७५ रुपयांचा होता, शेवटच्या गाडीला जेमतेम २५ रुपयांचा. प्रत्येकीवर खर्च २५ रुपयेच येणार होता. म्हणजे पहिल्या गाडीत २५० रुपयांचा निव्वळ फायदा अडकला होता, शेवटच्या गाडीत शून्य, सरासरी १२५. अशा गाड्या २०,०००. रोज २५ लाख रुपये. चौकटीच्या कागदावर काढले तर हा एक त्रिकोण होतो, उंची २५०, पाया २०,०००, आणि क्षेत्रफळ अर्धा गुणिले उंची गुणिले पाया. यालाच इंग्रजीत डेडवेट लॉस म्हणतात, मराठीत निव्वळ सामाजिक तोटा म्हणू.

पूर्ण वाटणी मांडली तर चित्र स्पष्ट होते. टोल २५ असता तर सेतूपासून मिळणारा एकूण फायदा रोज एक कोटी रुपये झाला असता. २७५ च्या टोलला त्यातले ५० लाख मालकाकडे जातात, २५ लाख सेतूवरून गेलेल्या गाडीमालकांकडे राहतात, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना सेतू २७५ हून अधिक मोलाचा आहे. उरलेले २५ लाख कुणालाच मिळत नाहीत. दोन, एक, एक अशी ही वाटणी सरळ रेषेवर नेहमीच होते. मालकाला मिळणारे ५० लाख हा समाजाचा तोटा नव्हे, ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले. त्या ५० लाखांवरून भांडण होऊ शकते आणि व्हावेही, पण ते न्यायाचे भांडण आहे. वाया जाणारे २५ लाख हा वेगळा हिशेब, आणि टीव्हीवरच्या चर्चेत हे दोन आकडे सतत एकमेकांत मिसळतात.

आजच्या २५० रुपयांना हीच रेषा काय सांगते? २२,००० गाड्या, प्रत्येकीवर २२५ रुपये, मालकाकडे ४९ लाख ५० हजार. गाडीमालकांकडे ३० लाख २५ हजार. निव्वळ तोटा २० लाख २५ हजार. २७५ शी तुलना करा. टोल २५ रुपयांनी उतरला, मालकाचे फक्त ५० हजार गेले आणि समाजाचा तोटा पावणेपाच लाखांनी घटला. आणखी उतरून १५० केला तर ३०,००० गाड्या येतात, मालकाकडे साडेसदतीस लाख राहतात आणि निव्वळ तोटा सव्वासहा लाखांवर येतो.

या सगळ्या चर्चेतून धोरण ठरवणाऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. नफ्याचा डोंगर माथ्यावर सपाट असतो. माथ्यावरून थोडे खाली उतरले तर नफा जवळजवळ कमी होत नाही. निव्वळ तोटा मात्र टोल आणि सीमांत खर्च यांच्यातल्या फरकाच्या वर्गाने वाढतो. फरक दुप्पट झाला की तोटा चौपट. १५० च्या टोलला फरक १२५ होता, २७५ ला २५०, आणि तोटा सव्वासहावरून थेट पंचवीस लाखांवर गेला. ड्युपुईने १८४४ मध्येच हे लिहून ठेवले होते. म्हणून मक्तेदाराच्या किमतीच्या आसपास बसलेला टोल थोडा उतरवणे हा सर्वांत स्वस्तात मिळणारा सार्वजनिक लाभ असतो.

पुढच्या काळात याच त्रिकोणावर मोठ्या आकड्यांचे वाद झाले. आर्नोल्ड हार्बर्गर याने १९५४ मध्ये अमेरिकेच्या कारखानदारीतल्या मक्तेदारीचे त्रिकोण बेरजेला घेतले, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण एक दशांश टक्काच तोटा निघाला. मक्तेदारीला इतके घाबरायचे कारण काय, असे त्यावरून अनेकांनी विचारले. गॉर्डन टलक याने १९६७ मध्ये उत्तर दिले, की मक्तेदारी मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी जो पैसा आणि श्रम ओतले जातात, तेही मोजायला हवेत, मग त्रिकोणाशेजारचा, मालकाच्या नफ्याचा चौकोनही धोक्यात येतो. सेतूच्या बाबतीत मला हार्बर्गरचा मार्ग लागू वाटत नाही. त्याच्याकडे किंमत आणि सीमांत खर्च यांतला फरक लहान होता, आणि लहान आकड्याचा वर्ग आणखी लहान. सेतूवर २५० पैकी २२५ रुपये हा फरकच आहे. इथे त्रिकोण लहान असणार नाही.

आता मानलेल्या रेषेकडे परत येऊ, कारण सगळा निकाल तिच्या उतारावर उभा आहे. आपल्याकडे मोजलेला बिंदू एकच आहे : २५० रुपयांना सुमारे २२ हजार. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात. समजा रेषा अशी आहे : वाहने = ३२,००० − ४० × टोल. लोकांना टोलचे फारसे वाटत नाही, ज्यांना जायचे ते जातातच. मग मक्तेदाराचा टोल ४१२ रुपये ५० पैसे निघतो, आजचा २५० त्याच्या खूप खाली आहे आणि आजचा निव्वळ तोटा दहा लाखांच्या आसपास आहे. उलट रेषा अशी असेल : वाहने = ७२,००० − २०० × टोल, तर मक्तेदाराचा टोल १९२ रुपये ५० पैसे येतो. म्हणजे आजचा टोल नफेखोरालाही परवडणार नाही इतका जास्त आहे, तो उतरवला तर कमाईच वाढेल, आणि रोजचा निव्वळ तोटा पन्नास लाखांच्या वर आहे. तिन्ही रेषा २५० रुपयांना २२ हजार गाड्याच दाखवतात. टोल जास्त आहे म्हणणारा आणि बरोबर आहे म्हणणारा, दोघेही हा एकच आकडा पुढे करतात, आणि त्यातून दोघांचेही म्हणणे सिद्ध होत नाही.

उतार ओळखायची एक सरळ कसोटी आहे. टोल २५० चा २२५ केला तर आजच्या २२ हजार गाड्यांकडून रोज साडेपाच लाख कमी मिळतील. प्रत्येक नवी गाडी खर्च वजा जाता २०० रुपये देईल. साडेपाच लाख भरून यायला २,७५० नव्या गाड्या लागतात. काही आठवडे टोल २२५ ठेवला आणि पावणेतीन हजारांहून जास्त गाड्या वाढल्या, तर आजचा टोल मक्तेदाराच्या टोलपेक्षाही वर आहे. त्याहून बऱ्याच कमी वाढल्या तर तो खाली आहे. एवढ्या प्रयोगात तिजोरीचे काय जाईल? पहिल्या, मधल्या रेषेवर दीड लाख रुपये रोज, आणि अगदी एकही नवी गाडी आली नाही तरी साडेपाच लाखांहून जास्त नाही. मात्र नव्या टोलची खबर पसरायला आणि लोकांच्या जाण्यायेण्याच्या सवयी बदलायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्याचा आकडा कमी दिसेल. उतार नेहमी आधी कमी आणि मग जास्त दिसतो.

प्रयोग न करताही एक खिडकी उघडी झाली आहे. २२ ऑगस्ट २०२५ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसना सेतूवर टोल माफ आहे. मोटारींपुरती किंमत २५० वरून एकदम शून्य झाली. माफीच्या आधी आणि नंतर सेतूवर रोज किती विजेच्या गाड्या गेल्या ते पाहिले, आणि त्याच काळात वाशीच्या पुलावर त्यांचे प्रमाण कसे बदलले याच्याशी ताडले, तर उताराचा अंदाज येईल. वाशीची तुलना आवश्यक आहे, कारण विजेच्या गाड्या तशाही वाढतच आहेत. शिवाय आधीच सेतू वापरणारा एखादा माफीसाठीच विजेची गाडी घेईल, ती वाढ सेतूच्या मागणीची धरता येणार नाही.

दुसरी अडचण अशी, की रेषा जागची हलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. वाशीला मोटारीला ४५ रुपये होते. पर्याय ४५ रुपयांनी स्वस्त झाला, म्हणजे ज्याला वाशी आणि सेतू यांत निवड होती, त्याच्या लेखी सेतूचे मोल तेवढ्याने घटले. उलट २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. दक्षिण मुंबईहून विमान गाठायला निघालेला माणूस २५० रुपयांकडे पाहत नाही, तो घड्याळाकडे पाहतो. अशा गाड्या वाढल्या की मक्तेदाराचा टोल वर चढतो. म्हणून गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या संख्येची नुसती वजाबाकी करून टोलचा परिणाम काढता येत नाही.

त्रिकोणात न मावणारा आणखी एक तोटा आहे. टोलमुळे सेतू टाळणारी गाडी घरी बसत नाही, ती वाशीच्या पुलावर जाते आणि मानखुर्दपर्यंतच्या रांगेत भर घालते. तिथे तिच्यामुळे मागच्या प्रत्येकाला थोडा उशीर होतो आणि त्याची किंमत ती देत नाही. वाशीला तिसरा पूल झाला तरी सकाळची गर्दी आहेच. रिकाम्या रस्त्यावर जबर टोल आणि भरलेल्या रस्त्यावर काहीच नाही, ही रचना उलटी आहे, आणि निव्वळ तोट्याचा खरा आकडा त्रिकोणापेक्षा मोठा असणार, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग टोल २५ रुपयेच ठेवावा का? हॅरोल्ड हॉटेलिंग याने १९३८ मध्ये हेच मांडले होते, पुलाचेच उदाहरण घेऊन : टोल सीमांत खर्चाइतका आणि बांधकामाचा पैसा करांतून. रोनाल्ड कोझ याने १९४६ मध्ये त्याला अडवले. कर भरणारा आणि पूल वापरणारा वेगळे असतात, हा त्याचा आक्षेप. गडचिरोलीच्या माणसाने शिवडीच्या पुलाचे पैसे का द्यावेत, असे आपल्याकडे विचारता येईल. कोझचा मार्ग असा, की वर्गणी एकदा घ्यावी आणि प्रत्येक फेरीला सीमांत खर्चाइतकेच आकारावे. वर्गणीतून पूल फिटतो आणि फेरी टाळायचे कारण उरत नाही.

सेतूवर पास आहेत, पण त्यांची रचना बघा. मोटारीला परतीसह टोल ३७५, महिन्याचा पास १२,५०० रुपये. १२,५०० भागिले ३७५ म्हणजे ३३ हून जास्त. महिन्याला २५ दिवस कामावर ये-जा करणाऱ्या माणसाला रोजचे ३७५ मिळून ९,३७५ रुपये पडतात. पास त्याला महाग आहे. तो परवडतो फक्त दिवसात अनेक फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीला. ज्याच्यासाठी कोझची युक्ती सर्वांत उपयोगी, त्या उलव्याच्या नोकरदाराला पासने स्पर्शच केलेला नाही. महिन्याला चार-पाच हजारांची वर्गणी आणि फेरीला २५ रुपये असा पास दिला, तर आज वाशीमार्गे जाणारी कितीतरी कुटुंबे वर्गणी भरून सेतूवर येतील, आणि जे आज सेतूवर अधूनमधून येतात त्यांचा एकेरी टोल तसाच ठेवता येईल.

हे सारे आकडे माझ्या मानलेल्या रेषेवरचे आहेत. खरी रेषा काढण्यासाठी लागणारी माहिती शिवाजीनगर आणि गव्हाणच्या टोलनाक्यांवरच्या यंत्रांत दर मिनिटाला जमा होते : कोणत्या प्रकारचे वाहन, किती वाजता, एकेरी की परतीचे, पेट्रोलचे की विजेचे. एमएमआरडीएने ती तासवार, वाहनांचे क्रमांक काढून, दर महिन्याला प्रसिद्ध करावी, आणि टोलची मुदत पुन्हा वाढवण्याआधी दोन महिने २२५ चा प्रयोग करावा. दर ठरवणाऱ्या मंत्रिमंडळाला आणि तो भरणाऱ्या नवी मुंबईकराला त्या आकड्यांवर सारखाच हक्क आहे.